पुनर्मागणी पातळी, सुरक्षा साठा आणि मागणी परिमाण

पुनर्मागणी पातळी, सुरक्षा साठा आणि मागणी परिमाण या साठा व्यवस्थापनातील तीन परस्परसंबंधित संकल्पना आहेत. दुकानातील मालाचा साठा ज्या पातळीवर आला असता नवी मागणी नोंदवणे आवश्यक असते, तिला पुनर्मागणी पातळी म्हणतात. वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकांत तिला पुनर्आदेश पातळी, तर व्यापारात रिऑर्डर पॉइंट असेही म्हटले जाते. खप किंवा पुरवठा अपेक्षेप्रमाणे न झाल्यास उपयोगी पडावा म्हणून राखलेला जादा साठा म्हणजे सुरक्षा साठा होय. एका वेळी किती माल मागवायचा, ते प्रमाण म्हणजे मागणी परिमाण. किरकोळ व्यवसायाच्या आराखड्यातील साठ्याचे प्रकरण प्रामुख्याने या तीन आकड्यांवर उभे असते, कारण मालात किती भांडवल अडकेल हे त्यांवरून ठरते.

या लेखात ‘खप’ हा शब्द ग्राहकांच्या खरेदीसाठी आणि ‘मागणी’ हा शब्द दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याकडे नोंदवलेल्या ऑर्डरसाठी वापरला आहे.

## पार्श्वभूमी

एका वेळी किती माल घ्यावा, या प्रश्नाचे गणिती सूत्र फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये ‘फॅक्टरी, द मॅगझिन ऑफ मॅनेजमेंट’ या मासिकातील लेखात मांडले. आर. एच. विल्सन यांनी १९३४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात साठा नियंत्रणाचे ‘किती मागवावे’ आणि ‘केव्हा मागवावे’ असे दोन भाग केले. त्यामुळे हॅरिस यांचे सूत्र अनेक पुस्तकांत विल्सन यांच्या नावानेही आढळते. हे दोन प्रश्न आजही वेगवेगळे सोडवले जातात. ‘केव्हा’ याचे उत्तर पुनर्मागणी पातळी देते आणि ‘किती’ याचे उत्तर मागणी परिमाण देते.

## कळवण येथील किराणा दुकानाचे उदाहरण

कळवण हे नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण आहे. गावाला रेल्वेमार्ग नसल्याने दुकानांतील माल रस्त्याने येतो. अशा ठिकाणी दुकानदाराच्या दृष्टीने दोन गोष्टी अनिश्चित असतात. आज किती ग्राहक येतील ही पहिली, आणि मागवलेला माल नेमका कोणत्या दिवशी पोचेल ही दुसरी. या दोन अनिश्चिततांचे स्वरूप समजण्यासाठी पुढे एका काल्पनिक किराणा दुकानातील साखरेची आकडेमोड दिली आहे. त्यातील खप, दर व खर्चाचे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत.

दुकानात दररोज सरासरी ३० किलो साखर खपते. हा खप रोज सारखा नसतो, त्याचे प्रमाण विचलन ९ किलो आहे. साखर ५० किलोच्या पोत्यांत येते आणि एका पोत्याची खरेदी किंमत २,००० रुपये आहे. दुकान वर्षातून ३६० दिवस उघडे असते. म्हणजे वार्षिक खप १०,८०० किलो, अर्थात २१६ पोती होतो.

### पुरवठा कालावधीचे मोजमाप

मागणी नोंदवल्यापासून माल विक्रीस उपलब्ध होईपर्यंतच्या काळास पुरवठा कालावधी म्हणतात. घाऊक व्यापारी माल रवाना करतो त्या दिवसापासून हा काळ मोजणे ही नेहमी होणारी चूक आहे. टेम्पो भरण्याइतका इतर दुकानांचा माल जमेपर्यंत पोती व्यापाऱ्याच्या गोदामात पडून राहत असतील, तर ते दिवसही याच काळात धरावे लागतात. म्हणून मागणीचा फोन केल्याची तारीख आणि पोती दुकानात उतरल्याची तारीख अशा दोनच नोंदी ठेवणे पुरेसे असते.

उदाहरणातील दुकानदाराच्या वहीत मागील दहा मागण्यांचे पुरवठा कालावधी ३, ४, ४, ५, ३, ४, ६, ३, ५ आणि ३ दिवस असे आहेत. यांची बेरीज ४० व सरासरी ४ दिवस येते. प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर काढून त्याचा वर्ग केल्यास वर्गांची बेरीज १० होते. तिला १० ने भागून वर्गमूळ काढल्यास प्रमाण विचलन १ दिवस मिळते. नमुन्यावरून अंदाज करताना ९ ने भागण्याची पद्धत आहे. तसे केल्यास उत्तर १.०५ येते, परंतु दुकानाच्या हिशेबात या फरकाने फारसे बिघडत नाही.

### सुरक्षा साठा

सुरक्षा साठ्याचे प्रचलित सूत्र पुढीलप्रमाणे आहे. त्यात खप आणि पुरवठा या दोन्हींची अनिश्चितता एकत्र केली जाते.

```
सुरक्षा साठा = सेवा गुणक × √(क + ख)
क = सरासरी पुरवठा कालावधी × (दैनिक खपाचे प्रमाण विचलन)²
ख = (सरासरी दैनिक खप)² × (पुरवठा कालावधीचे प्रमाण विचलन)²
```

उदाहरणात क = ४ × ८१ = ३२४ आणि ख = ९०० × १ = ९००. दोहोंची बेरीज १,२२४ आणि तिचे वर्गमूळ सुमारे ३५ किलो येते.

सेवा गुणक हा दुकानदाराने निवडलेल्या सेवा पातळीवर अवलंबून असतो. ९० टक्के पातळीसाठी तो सुमारे १.२८, ९५ टक्क्यांसाठी १.६५ आणि ९९ टक्क्यांसाठी २.३३ असतो. संगणकावरील तक्त्यात तो पुढील आज्ञेने मिळतो.

```
=NORM.S.INV(0.95)
```

या दुकानासाठी ९५ टक्के सेवा पातळी निवडल्यास सुरक्षा साठा १.६५ × ३५, म्हणजे सुमारे ५८ किलो होतो. ९९ टक्क्यांसाठी तो ८२ किलोपर्यंत जातो. शेवटच्या चार टक्क्यांसाठी २४ किलो जादा साखर कायम ठेवावी लागते. म्हणून सर्व वस्तूंना एकच सेवा पातळी लावली जात नाही. साखर, चहा, मीठ यांसारखी वस्तू नसल्यास ग्राहक संपूर्ण यादीच दुसऱ्या दुकानात घेऊन जातो, त्यामुळे अशा वस्तूंसाठी वरची पातळी निवडतात. जिच्या जागी दुसरी वस्तू सहज चालते, तिच्यासाठी खालची पातळी पुरते.

सूत्रातील दोन पदांची तुलना महत्त्वाची आहे. १,२२४ पैकी केवळ ३२४ एवढा वाटा ग्राहकांच्या अनिश्चित खपाचा आहे आणि उरलेले ९०० पुरवठ्याच्या अनिश्चिततेतून आले आहेत. माल दर वेळी अचूक चौथ्या दिवशी आला, तर दुसरे पद शून्य होऊन सुरक्षा साठा १.६५ × १८, म्हणजे सुमारे ३० किलो पुरेल. याउलट पुरवठा आहे तसाच राहून ग्राहकांचा खप रोज अचूक ३० किलो झाला, तरीही सुमारे ५० किलो सुरक्षा साठा लागेल. घाऊक बाजारापासून दूर असलेल्या दुकानात जादा साठ्याचे मुख्य कारण बहुधा ग्राहक नसून पुरवठा असतो. तेथे खपाचा अधिक अचूक अंदाज बांधण्यापेक्षा ठरलेल्या दिवशी माल देणारा व्यापारी शोधणे अधिक लाभदायक ठरते. थोडा महाग पण नियमित पुरवठादार आणि स्वस्त पण अनियमित पुरवठादार यांत निवड करताना हा फरक किलोत व रुपयांत मोजता येतो.

### पुनर्मागणी पातळी

```
पुनर्मागणी पातळी = (सरासरी दैनिक खप × सरासरी पुरवठा कालावधी) + सुरक्षा साठा
```

उदाहरणात ही पातळी ३० × ४ + ५८ = १७८ किलो येते. व्यवहारात याचा अर्थ असा की, तीन पूर्ण पोती आणि चौथ्या पोत्यात सुमारे निम्मी साखर उरली की मागणी नोंदवावी. नियम सोपा करण्यासाठी ‘चौथे पोते फोडताच फोन करावा’ असे न म्हणता ‘थप्पीत न फोडलेली तीनच पोती उरली की फोन करावा’ असे म्हटल्यास तो दुकानातील मदतनिसालाही पाळता येतो. असा नियम लावल्यास मागणी कधी थोडी आधी जाते, परंतु सहसा उशिरा जात नाही.

पातळीशी तुलना करताना केवळ दुकानातील साठा पाहून चालत नाही. मागवलेला परंतु अद्याप न पोचलेला माल त्यात मिळवावा लागतो आणि कोणासाठी राखून ठेवलेला माल वजा करावा लागतो. मागणी नोंदवल्यावर तिसऱ्या दिवशी दुकानात १०० किलोच साखर दिसते, म्हणून घाबरून पुन्हा मागणी केल्यास दोन्ही खेपा पाठोपाठ येतात आणि दुप्पट रक्कम अडकते. मागण्यांची तारीखवार नोंद नसलेल्या दुकानांत हा प्रकार विशेष आढळतो.

### मागणी परिमाण

मोठ्या प्रमाणात माल घेतल्यास मागण्यांची संख्या आणि त्यांचा खर्च कमी होतो, परंतु साठा सांभाळण्याचा खर्च वाढतो. हे दोन खर्च जेथे समान होतात, तेथे त्यांची बेरीज सर्वांत कमी असते. त्या परिमाणास आर्थिक मागणी परिमाण म्हणतात.

```
आर्थिक मागणी परिमाण = √(२ × वार्षिक खप × एका मागणीचा खर्च ÷ एका नगाचा वार्षिक साठवण खर्च)
```

एका मागणीचा खर्च म्हणजे पोती किती आहेत याच्याशी संबंध नसलेला, प्रत्येक खेपेला होणारा खर्च. टेम्पोचे ठरावीक भाडे किंवा त्यातील वाटा आणि माल तपासून घेण्यात जाणारा वेळ यांचा त्यात समावेश होतो. प्रत्येक पोत्यामागे द्यावी लागणारी हमाली यात धरत नाहीत, कारण वर्षाच्या २१६ पोत्यांची हमाली कितीही खेपा केल्या तरी तेवढीच राहते. उदाहरणात हा खर्च ३०० रुपये धरला आहे. साठवण खर्चात अडकलेल्या भांडवलावरील व्याज, जागेचा वाढता खर्च, तसेच ओल, मुंग्या व सांडलवंड यांमुळे होणारी घट येते. तो खरेदी किमतीच्या २० टक्के, म्हणजे एका पोत्यामागे वर्षाला ४०० रुपये धरला आहे.

या आकड्यांनी परिमाण √(२ × २१६ × ३०० ÷ ४००) = √३२४ = १८ पोती येते. म्हणजे वर्षात १२ मागण्या होतात आणि एक खेप सुमारे ३० दिवस पुरते. वेगवेगळ्या परिमाणांचा वार्षिक खर्च पुढील तक्त्यात दिला आहे. साठवण खर्च सरासरी साठ्यावर, म्हणजे परिमाणाच्या निम्म्यावर काढला आहे.

| एका वेळी पोती | मागणी खर्च (रु.) | साठवण खर्च (रु.) | एकूण (रु.) |
|---|---|---|---|
| १० | ६,४८० | २,००० | ८,४८० |
| १२ | ५,४०० | २,४०० | ७,८०० |
| १८ | ३,६०० | ३,६०० | ७,२०० |
| २४ | २,७०० | ४,८०० | ७,५०० |
| ३० | २,१६० | ६,००० | ८,१६० |

तक्त्यावरून दिसते की, १८ ऐवजी २४ पोती घेतल्यास वर्षाला केवळ ३०० रुपये अधिक लागतात. म्हणून सूत्राचे उत्तर काटेकोरपणे पाळण्याची गरज नसते आणि टेम्पोची क्षमता किंवा गोदामातील जागा पाहून ते कमीजास्त करता येते. मात्र उत्तर ढोबळ असले तरी चालते म्हणून खर्चाचे आकडे मनाने धरावेत असा याचा अर्थ नाही. विशेषतः घाऊक व्यापाऱ्याने दिलेली सूट निर्णय बदलू शकते. २४ पोत्यांच्या खेपेवर पोत्यामागे २० रुपये सूट मिळाल्यास वर्षाला ४,३२० रुपये वाचतात आणि ३०० रुपयांचा जादा खर्च सहज भरून निघतो. अर्थात मोठ्या खेपेसाठी लागणारी रोख रक्कम हाती असणे आवश्यक असते.

## सेवा पातळीचा अर्थ

‘९५ टक्के सेवा पातळी’ म्हणजे शंभरपैकी ९५ ग्राहकांना साखर मिळेल असा अर्थ अनेकदा लावला जातो, परंतु तो बरोबर नाही. वरील सूत्रात या शब्दांचा अर्थ असा आहे की, शंभरपैकी ९५ मागणी चक्रांत नवी खेप येण्यापूर्वी साठा संपणार नाही. साठा संपण्याचा धोका मागणी नोंदवल्यानंतर माल येईपर्यंतच्या काळातच असतो. म्हणून वर्षात जितकी चक्रे, तितक्या वेळा हा धोका पत्करला जातो.

उदाहरणात वर्षाला १२ चक्रे आहेत. त्यांपैकी ५ टक्के म्हणजे ०.६ चक्रांत, अर्थात सरासरीने सुमारे वीस महिन्यांत एकदा साखर संपेल. हाच दुकानदार एका वेळी सहाच पोती घेऊ लागला, तर चक्रे ३६ होतात आणि तोच सुरक्षा साठा असतानाही साखर वर्षात जवळजवळ दोनदा संपते. लहान खेपा घेणाऱ्या दुकानाला तेवढ्याच भरवशासाठी अधिक वरची सेवा पातळी निवडावी लागते. यावरून ‘केव्हा’ आणि ‘किती’ हे प्रश्न वेगळे सोडवले तरी त्यांची उत्तरे एकमेकांवर परिणाम करतात, हे दिसून येते.

## हंगामी बदल

वर्षभराच्या सरासरीवर काढलेली पातळी हंगामात अपुरी पडते. कळवण तालुक्यातील सप्तशृंगी गडावर चैत्र पौर्णिमेच्या सुमारास आणि नवरात्रात मोठी यात्रा भरते. चैत्रातील यात्रेला खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांची संख्या मोठी असते. यात्रेच्या मार्गावरील चहाची दुकाने व उपाहारगृहे, त्यानंतर दिवाळीचा फराळ, तसेच उन्हाळ्यातील लग्नसराई यांमुळे साखरेचा खप वाढतो. शिवाय कांदा हे तालुक्यातील प्रमुख पीक असल्याने कांदा विकून पैसा हाती येण्याच्या काळाचाही खपावर आणि उधारीवर परिणाम होतो.

यात्रेच्या काळात उदाहरणातील दुकानाचा दैनिक खप ५० किलो झाला, तर चार दिवसांत २०० किलो साखर लागेल. जुनी पुनर्मागणी पातळी १७८ किलोच असल्याने सरासरी परिस्थितीतही माल येण्यापूर्वी साठा संपेल, म्हणजे सुरक्षा साठा असूनही तो निरुपयोगी ठरेल. या काळासाठी दैनिक खपाचे प्रमाण विचलन १२ किलो धरल्यास सुरक्षा साठा सुमारे ९२ किलो आणि पुनर्मागणी पातळी २९२ किलो येते. ही नवी पातळी यात्रा सुरू होण्यापूर्वीच लागू करावी लागते, कारण यात्रेच्या पहिल्या दिवशी नोंदवलेली मागणी चार दिवसांनी पोचते. त्याचप्रमाणे यात्रा संपण्यापूर्वीच जुन्या पातळीवर परत यावे लागते, अन्यथा मंद काळात जादा माल पडून राहतो. हिंदू सणांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात. त्यामुळे मागील वर्षाच्या नोंदी महिन्यानुसार न जुळवता तिथीनुसार जुळवणे आवश्यक असते.

## ठरावीक वाराची मागणी

वरील पद्धतीत दुकानदार कोणत्याही दिवशी मागणी नोंदवू शकतो असे गृहीत आहे. साबण, बिस्किटे इत्यादी वस्तूंच्या वितरकाचा विक्री प्रतिनिधी बहुधा ठरलेल्या वारी येतो. अशा वेळी सुरक्षा साठ्याला केवळ पुरवठा कालावधीच नव्हे, तर दोन भेटींमधील काळही सांभाळावा लागतो. साखरेचीच मागणी आठवड्यातून एकदाच नोंदवता येत असेल, तर ७ व ४ मिळून ११ दिवसांचा विचार करावा लागेल. सूत्रातील पहिल्या पदात ४ ऐवजी ११ घातल्यास सुरक्षा साठा सुमारे ७० किलो होतो आणि ३३० किलो अपेक्षित खपासह ४०० किलो ही कमाल पातळी मिळते. दर भेटीत, हाती असलेला व वाटेत असलेला माल ४०० मधून वजा करून उरेल तेवढी मागणी नोंदवली जाते.

## व्यवसाय आराखड्यातील मांडणी

आराखड्यात हे तीन आकडे रुपयांत रूपांतरित करून दिले जातात. सरासरी साठा म्हणजे मागणी परिमाणाचा निम्मा भाग अधिक सुरक्षा साठा. उदाहरणात तो ४५० + ५८ = ५०८ किलो, म्हणजे ४० रुपये किलो दराने २०,३२० रुपयांचा होतो. नवी खेप उतरते तेव्हा साठा सरासरीने ९५८ किलो व रक्कम ३८,३२० रुपये असते. खेळत्या भांडवलाची गरज केवळ सरासरीवरून मांडल्यास खेपेच्या दिवशी रोख कमी पडते, म्हणून दोन्ही आकडे दाखवणे आवश्यक असते. साठ्याची उलाढाल १०,८०० ÷ ५०८, म्हणजे वर्षाला सुमारे २१ वेळा आणि सरासरी साठा सुमारे १७ दिवसांचा येतो.

घाऊक व्यापाऱ्याने पंधरा दिवसांची उधारी दिल्यास काही रक्कम दुकानदाराला आपल्या भांडवलातून घालावी लागत नाही. परंतु ती साठ्यातून वजा न करता देणे म्हणून स्वतंत्र दाखवली जाते. नव्या दुकानाकडे स्वतःच्या विक्रीच्या नोंदी नसतात. त्यामुळे आराखड्यात आकडे कोठून घेतले ते नमूद करून, पहिल्या तीन महिन्यांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून ते पुन्हा काढले जातील असे लिहिण्याची पद्धत आहे.

## मर्यादा

सेवा गुणक प्रसामान्य वितरणावर आधारलेला आहे. रोज थोडाथोडा खपणाऱ्या साखरेसारख्या वस्तूला तो बऱ्यापैकी लागू पडतो. महिन्यातून दोनतीनदाच विकल्या जाणाऱ्या वस्तूला तो लागू पडत नाही.

माल संपलेल्या दिवशीची विक्री शून्य नोंदवली जाते, परंतु त्या दिवशीचा खरा खप शून्य नसतो. असे दिवस सरासरीत धरल्यास सरासरी खाली येते, त्यावरून पुनर्मागणी पातळीही खाली येते आणि माल पुन्हा संपतो. हे टाळण्यासाठी असे दिवस हिशेबातून वगळतात.

कमाल दैनिक खपाला कमाल पुरवठा कालावधीने गुणून, त्यातून सरासरी खप व सरासरी कालावधी यांचा गुणाकार वजा करण्याची एक सोपी पद्धतही प्रचलित आहे. उदाहरणात कमाल खप ४८ किलो व कमाल कालावधी ६ दिवस धरल्यास ती २८८ − १२० = १६८ किलो सुरक्षा साठा सांगते, म्हणजे वरील उत्तराच्या जवळजवळ तिप्पट. सर्वांत वाईट खप आणि सर्वांत वाईट विलंब एकाच वेळी येतील असे ती गृहीत धरते. नोंदी फारच थोड्या असताना ती तात्पुरती वापरता येते, परंतु दुकानातील प्रत्येक वस्तूला लावल्यास भांडवलाचा मोठा भाग थप्पीतच अडकून पडतो.

नाशवंत मालात आर्थिक मागणी परिमाणावर टिकवणकाळाची मर्यादा येते. सूत्राने ३० दिवसांचा माल सुचवला, तरी दहा दिवस टिकणारी वस्तू त्याहून कमीच घ्यावी लागते. पावसाळ्यात साखर ओल धरत असल्याने पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवतात आणि जुनी पोती आधी फोडतात. ही काळजी न घेतल्यास घटीचे प्रमाण वाढते, साठवण खर्चाचा मूळ अंदाज चुकतो आणि त्यावर आधारलेले परिमाणही प्रत्यक्षात गरजेपेक्षा मोठे ठरते.